अंगठ्याखालची ओळ

समोरच्या दाराआड राहणाऱ्या ताईंना आमची सगळी इमारत फूटपट्टीबाई म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. एकदा जिन्यात कोणीतरी चुकून तसं म्हणून गेलं आणि जीभ चावून उभं राहिलं, तर त्या म्हणाल्या, "चूक नाही काही. पट्टी तर आहेच हातात."

ती पट्टी स्टीलची आहे. एका कडेचे आकडे बोटांनी झिजून पुसले गेलेत. छापखान्यात एकतीस वर्षं त्या मुद्रितं तपासत होत्या. म्हणजे लेखकाचा मूळ कागद एका बाजूला, छापून आलेला कच्चा कागद दुसऱ्या बाजूला, आणि पट्टी एकेक ओळ खाली सरकवत दोन्ही जुळतात का ते बघायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण पट्टी निवृत्त झाली नाही. औषधाच्या खोक्यातला कागद असो, इमारतीची नोटीस असो, पट्टी लागल्याशिवाय त्या वाचत नाहीत. आमचे हे म्हणतात, "त्या ताई तुझा चेहरासुद्धा पट्टी लावूनच बघत असतील." बघत असतील. मला डोळ्याखाली काळं आलंय हे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या आलं.

मी त्यांच्याकडे जायला लागले त्याला चार वर्षं झाली. गेले होते त्यांचा डबा परत करायला, बसले तीन तास. छापखान्यात हे काम जोडीनं चालायचं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नुसते डोळे छापील कागदावर ठेवायचे. त्यांची वीस वर्षांची जोडीदारीण लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि ताईंना डोळे होते पण आवाज नव्हता. मला आवाज आहे, तो कमी कर असं सासरी पंचवीस वर्षं ऐकत आले. तर ताईंनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि म्हणाल्या, "वाच. जे आहे तेच वाच. जे असायला हवं ते नको."

हे ऐकायला सोपं आहे, करायला महाकठीण. आपण शब्द वाचत नाही, सवय वाचतो. पहिल्या आठवड्यात मी 'दोन महिन्यांची' हे 'दोन महिन्यांनी' असं तीनदा वाचलं. स्वल्पविरामसुद्धा म्हणायचा, कंस उघडला तर 'कंस सुरू' म्हणायचं, ओळ बदलली तर बदलली म्हणायचं. ती सवय एवढी लागली की घरात वाद झाला की मी आता 'पूर्णविराम' म्हणते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

ताईंकडे लोक येतात ते बहुतेक एकाच कामासाठी. एकाच कागदाच्या दोन प्रती असतात. एक जुनी, एक नवी. भाड्याचा करार, संस्थेची नियमावली, कुठल्याशा प्रवेशाचा अर्ज. नवी देणारा म्हणतो, विशेष काही बदललं नाही. आणि हल्ली कागद कोणी आणत नाही, फोटो आणतात. तिरके, अंधारे, दिव्याचा चटका बसलेले, कडेचे शब्द बाहेर राहिलेले. ताई म्हणतात, "लोक फोटो वाचायला काढत नाहीत गं. आपल्याकडे कागद आहे या समाधानासाठी काढतात."

त्या पैसे घेत नाहीत. बदल्यात एक तक्ता देतात. त्या तक्त्याचे सात रकाने ठरलेले. अनुक्रमांक, जुन्या प्रतीत कुठे, नव्या प्रतीत कुठे, जुना मजकूर, नवा मजकूर, बदलाचा प्रकार, शेरा. प्रकार पाचच. भर, वगळले, बदलले, हलवले, आणि पाचवा, ज्यावर त्यांचा फार जीव, 'दिसत नाही'. फोटोत जे दिसत नाही त्याला 'तसंच आहे' म्हणायचं नाही, 'बदललं आहे' असंही म्हणायचं नाही. नुसतं दिसत नाही म्हणायचं. "एवढं म्हणायला माणसाला मोठी लाज वाटते," त्या म्हणतात. आणि तक्त्यात मत नको. सही करा, करू नका, हे आपलं काम नाही.

गेल्या वर्षी या नियमाची कसोटी लागली, आणि ती लावली आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकूंनी.

शिवणकाकू ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे शिवतात. साठी उलटलेली, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांचा एकुलता एक मुलगा चौतीस वर्षांचा. तो लहानपणापासून वेगळा. आकडे त्याला येतात, पण रस्ता कळत नाही. माणसं ओळखतो, पण नवी जागा आली की भिंतीला पाठ लावून उभा राहतो. गेली नऊ वर्षं तो अशा मुलांच्या निवासी संस्थेत असतो, बसनं अर्ध्या तासावर. दर शनिवारी काकू त्याला घरी आणतात, रविवारी संध्याकाळी सोडतात. जिना चढताना तो मोठ्यानं पायऱ्या मोजतो. एक, दोन, तीन, आणि बावीसला काकूंचं दार. म्हणून इमारतीत त्याचं नाव पायरीशेठ. शनिवारी अकराच्या सुमारास 'बावीस' ऐकू आलं की मी समजते, कुकर लावायची वेळ झाली.

त्या मंगळवारी काकू वर आल्या तेव्हा गळ्यात मोजायची टेप तशीच होती.

"ताई, संस्थेनं नवा करार काढलाय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत सही करायची. मी विचारलं, काय बदललं? साहेब म्हणाले, काही नाही, जरा नीटनेटका केलाय."

"प्रत दिली?"

"घरी द्यायची नाही म्हणाले. फोटो काढा म्हणाले. मी काढले, पण ते समोर घड्याळ बघत उभे. मी भराभर काढत गेले."

"आणि जुना?"

काकूंनी दुसरा फोन काढला. त्यांच्या नवऱ्याचा. काच एका कोपऱ्यात तडकलेली, पण चार्ज करून जपून ठेवलेला. "तेव्हा एकच प्रत झाली होती, ती ऑफिसात राहिली. यांनी फोटो काढून ठेवले होते. म्हणाले होते, असू दे, कामाला येतील."

"बसा," ताई म्हणाल्या. "टेप काढा गळ्यातली. आधी सांगा, भीती कशाची आहे?"

काकूंनी टेप काढून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "त्यांचं दुसरं केंद्र निघालंय. चार तासांवर. मोठी जागा, बाग वगैरे आहे म्हणे. चांगलंच असेल. पण तिथं माझा पोरगा गेला तर शनिवार गेला, ताई. मला एका दिवसात जाऊन-येऊन होणार नाही. आणि त्याला तिथला जिना नवा." त्या टेप बोटाला गुंडाळत होत्या. "यांनी तेव्हा भांडून एक अट घालून घेतली होती. विचारल्याशिवाय हलवायचं नाही. ती अट आहे का गेली, एवढंच मला बघून द्या."

"एवढंच बघणार नाही," ताई म्हणाल्या. "सगळंच बघू. एकच बघायला गेलं की तेवढंच दिसतं."

खालच्या झेरॉक्सवाल्याकडून आम्ही सगळे फोटो मोठे छापून आणले. ताईंनी आधी एक अक्षरही वाचलं नाही. आधी पानं मोजली. जुन्याचे फोटो सहा, पानं सहा. नव्याचे फोटो सात. "पान चार दोनदा आहे," त्या पानाच्या तळाचे आकडे बघत म्हणाल्या, "एकात ट्यूबलाइट पडलीय मधोमध. दुसरा बरा आहे. तोच घ्यायचा, पण पहिला फेकायचा नाही. एकात जे जळलंय ते दुसऱ्यात आहे का ते बघायला लागतं." मग कलमं मोजली. जुन्यात अठरा, नव्यात सतरा.

"एक खाल्लं," मी म्हणाले.

"तक्त्यात 'खाल्लं' असा प्रकार नाही."

मग वाचन. मी जुनी प्रत वाचत होते, त्यांची पट्टी नव्या प्रतीवर. काकू कोपऱ्यात कुणाचा तरी परकर घेऊन टाके घालत बसल्या होत्या, पण सुई बराच वेळ एकाच जागी होती. पहिली पाच कलमं गेली. सहावं कलम भेटीच्या वेळांचं होतं, ते नव्यात नाही; पाचव्याच्या पोटात दोन ओळींत घातलेलं सापडलं. तक्त्यात ओळ गेली: जुने कलम सहा, नवे कलम पाच, प्रकार 'हलवले', शेऱ्यात 'रविवारची वेळ अर्ध्या तासाने कमी'. आणि तिथून पुढे सगळे नंबर एकानं मागे सरकले. सातचं सहा झालं, आठचं सात.

जुन्या कलम नऊवर आलो. तिसऱ्या पानाच्या तळाशी होतं ते. मी वाचलं, "निवाशास संस्थेच्या दुसऱ्या केंद्रात हलवण्यापूर्वी, स्वल्पविराम, पालकांची..." आणि थांबले. पुढे अंगठा होता.

फोटो काढताना कागद धरायला काकांनी अंगठा ठेवला होता. चांगला जाड, नखाच्या कडेला चिरेसारखी रेघ असलेला. दोन ओळींची टोकं त्याच्याखाली गेली होती.

काकू उठून आल्या. त्यांनी तो छापील कागद हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "हे यांचं बोट," त्या म्हणाल्या. "पत्रा लागला होता." मग अंगठ्यावरून आपलं बोट एकदा फिरवून कागद होता तसा जागेवर ठेवला, अगदी पट्टीच्या रेषेत.

मी म्हणाले, "ताई, खाली 'लेखी संमती घेतली जाईल' असंच असणार. नव्यात बघा, कलम आठ, शब्दाला शब्द तसंच चाललंय. 'पालकांची लेखी संमती घेतली जाईल.'"

"तसंच असेल. पण तुला दिसतं का?"

"नाही."

"मग?"

मी लिहिलं. 'जुने कलम नऊ, नवे कलम आठ. प्रकार: हलवले. अंशतः दिसत नाही. शेरा: फोटो तीन, खालच्या दोन ओळींची शेवटची टोके अंगठ्याखाली.'

पुढे जुन्या तेराव्या, म्हणजे नव्या बाराव्या कलमात एक अख्खं वाक्य नवं निघालं. 'इमारतीची दुरुस्ती अथवा व्यवस्थापनाची सोय यांसाठी निवाशांची जागा बदलण्याचा अधिकार संस्थेस राहील.' प्रकार, 'भर'. काकूंनी ते ऐकलं आणि सुई दोऱ्याच्या गुंडीला टोचून ठेवली.

"म्हणजे हलवणारच की."

"थांबा काकू," मी म्हणाले. जुनं सतरावं कलम माझ्यासमोरच होतं. "ऐका. 'कलम नऊमधील अट या करारातील इतर सर्व अटींपेक्षा वरचढ राहील.' काकांनी पक्कं काम करून ठेवलंय. नव्यातही सोळाव्या कलमात तेच वाक्य आहे. एक मात्रा इकडची तिकडे नाही. मग ही बाराव्याची भर काय करणार? तुमची अट वरचढ आहे."

ताईंनी पट्टी त्या ओळीवर ठेवली, दोन्हीकडे बघितलं, मान डोलावली. "अक्षर न् अक्षर तसंच," त्या म्हणाल्या. मी शेवटच्या ओळीत लिहिलं, 'जुने सतरा, नवे सोळा, मजकुरात बदल नाही.'

एकूण अकरा बदल निघाले. काकूंच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्यांनी तक्ता घडी करून पिशवीत ठेवला, परकर उचलला, दारात म्हणाल्या, "ताई, तुम्ही मत देत नाही म्हणून विचारत नाही. पण आज जेवण जाईल मला." ताई म्हणाल्या, "अंगठ्याखालचं ऑफिसात बघा. तोवर तक्ता अपुरा आहे."

मला मनातून बरं वाटलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या एका वाक्यानं कोणाची भूक परत आली होती. पुढे कळलं ते असं, की उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासून होत होती तेव्हा दारावर टकटक झाली. ताई. हातात पट्टी, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्या बाईच्या बाबतीत ही मोठी घटना होती.

"हात पूस आणि चल," त्या म्हणाल्या. "मी चुकले."

त्यांच्या टेबलावर एक जुनं पुस्तक उघडं होतं. जाडसर, परिचारिकांसाठीचं, त्यांच्याच छापखान्यातलं. आत एका पानावर हाताएवढी कागदाची पट्टी चिकटवलेली. शुद्धिपत्र.

"हे माझ्या नोकरीचं अकरावं वर्ष," त्या म्हणाल्या. "लेखिकेनं शेवटच्या क्षणी एक तक्ता काढून टाकला. पुढच्या तक्त्यांचे आकडे सुधारले. मी मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली, एक चूक नाही. पुस्तक बांधून झालं. मग एका नर्सबाईंचं पत्र आलं. पान नव्वदवर लिहिलंय 'पाहा तक्ता चार', आणि तक्ता चार बघितला तर तिथं तापाच्या ऐवजी बाळाच्या वजनाचा. ओळ तीच होती गं. मूळ प्रतीतही 'तक्ता चार', छापलेल्यातही 'तक्ता चार'. ओळ हलली नाही, तिच्या पायाखालची जमीन हलली. तीन हजार प्रतींत आम्ही बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. अजून खळ शिजल्याचा वास आला की मला ते आठवतं." त्यांनी पुस्तक मिटलं. "काल रात्री जेवताना आठवायला हवं होतं. आज आंघोळ करताना आठवलं."

मला अजूनही कळलं नव्हतं. त्यांनी मला नव्या करारापाशी बसवलं. "सोळावं कलम वाच."

"कलम नऊमधील अट या करारातील इतर सर्व अटींपेक्षा वरचढ राहील."

"आता नवं कलम नऊ वाच. जे आहे ते."

मी पान उलटलं. "निवाशाच्या वार्षिक आरोग्य तपासणीची तारीख, स्वल्पविराम, पालकांना आठ दिवस आधी कळवली जाईल, पूर्णविराम."

मी मागे जाऊन आठवं कलम पुन्हा बघितलं. हलवण्याची अट आठवर गेली होती आणि वरचढपणाचा मान नऊलाच राहिला होता. म्हणजे काकांनी भांडून मिळवलेलं संरक्षण आता आरोग्य तपासणीच्या तारखेला मिळालं होतं. आणि बाराव्यातली ती भर, जागा बदलण्याचा अधिकार, तिला अडवायला आता वरून कोणी नव्हतं. निदान भांडण झालं तर तसं म्हणता येत होतं.

"मी तर त्यांना सांगून बसले," मी म्हणाले.

"तू सांगितलंस, मी मान डोलावली. मान डोलावणं हे मतच असतं." मग जरा मऊ आवाजात, "रडू नकोस, कागदावर पडेल. अजून सही व्हायची आहे."

आम्ही खाली गेलो. काकू मशीनवर होत्या. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट, मध्ये न थांबता. त्यांनी पायडलवरचा पाय काढला. मला वाटलं आता बोलतील चार शब्द, आणि बोलायला हवे होते. त्या म्हणाल्या, "मला नंबर कळत नाहीत बाई. शिलाईत कळतं. वरचा तुकडा कापला आणि खालच्या खुणा तशाच ठेवल्या तर काज एकीकडे आणि बटण दुसरीकडे. असंच ना?"

"असंच," ताई म्हणाल्या. "मी एकतीस वर्षांत इतक्या सोप्या शब्दांत कोणाला सांगू शकले नाही."

त्या दिवशी तक्त्याला आठवा रकाना जोडला. 'दुसऱ्या कलमाचा उल्लेख असल्यास: तो आकडा जुन्यात कशाकडे नेतो, नव्यात कशाकडे.' सगळा करार पुन्हा चाळला. असे उल्लेख चार निघाले. त्यातले दोन नंबर सरकण्याच्या आधीच्या कलमांचे, म्हणून बरोबर होते, एक नीट सुधारलेला होता. चौथा हा.

शुक्रवारी सकाळी तिघी संस्थेत गेलो. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे. व्यवस्थापक चाळिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. तिघींना बघून त्यानं घड्याळाकडे बघितलं.

"काकू, सही आणलीत का वकील?"

"सहीच करायची आहे," काकू म्हणाल्या. "पण जुनी प्रत दाखवा. माझ्या फोटोत एक ओळ झाकली गेलीय."

"अहो, तेच आहे सगळं."

"असेल हो," ताई म्हणाल्या. "पण आमच्या तक्त्यात एक ओळ 'दिसत नाही' अशी आहे. ती भरली की आम्ही जाऊ."

तक्ता बघितल्यावर त्याला नाही म्हणता येईना. कपाटातून फाईल निघाली. तिसरं पान. जिथं आमच्याकडे अंगठा होता तिथं स्वच्छ छापलं होतं: 'पालकांची लेखी संमती घेतली जाईल.' नव्यासारखंच, अक्षर न् अक्षर. ताईंनी पट्टी लावून खात्री केली आणि पेन्सिलीनं 'दिसत नाही' खोडून 'पाहिले, बदल नाही' लिहिलं, बाजूला तारीख.

"झालं समाधान?" व्यवस्थापक म्हणाला.

"याचं झालं," ताई म्हणाल्या. "आता ही ओळ बघा." आणि पट्टी तक्त्याच्या शेवटच्या ओळीखाली ठेवली. काही समजावलं नाही.

त्यानं वाचलं. नव्या कराराचं सोळावं कलम काढलं. मग नववं. मग आठवं. मग परत नववं. दोन्ही पानांमध्ये बोट घालून ठेवलं.

"हे मीच टाइप केलं," शेवटी तो म्हणाला. "भेटीच्या वेळा वर घेतल्या तेव्हा नंबर आपोआप बदलले. मजकुरातले मी हातानं बदलत गेलो. हा राहिला." मग त्यानं फायलींच्या गठ्ठ्याकडे बघितलं. "सव्वीस पालकांनी सह्या केल्यात यावर."

"वाचून?" काकूंनी विचारलं.

"मी सांगितलं होतं ना, काही बदललं नाही." तो हे आमच्याकडे न बघता म्हणाला.

मला वाटलं होतं की त्या बाराव्या कलमातल्या भरीमागे काहीतरी डाव असेल, आणि आज तो उघडा पडेल. तसं काही झालं नाही. छत गळतं, दुरुस्तीच्या वेळी मुलांना एका खोलीतून दुसरीत न्यायला लागतं, म्हणून ते वाक्य, असं तो म्हणाला. खरं असेल. पण काकूंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही आहात तोवर खोली. तुमच्या जागी उद्या दुसरं कोणी आलं तर त्याला काय दिसेल? खोली की केंद्र?"

त्यानं पेन उचललं. सोळामध्ये 'कलम नऊ'चं 'कलम आठ'. बाराव्याच्या शेवटी, काकूंच्याच म्हणण्यानुसार, 'मात्र दुसऱ्या केंद्रात हलवताना कलम आठ लागू राहील.' हातानं लिहिलेलं चालणार नाही, विश्वस्तांना दाखवून नवी प्रत काढतो, सगळ्यांना पुन्हा बोलावतो, असं म्हणाला. मग ताईंना विचारलं, "हा तक्ता मी ठेवू का? बाकीच्यांना दाखवायला."

"फोटो काढा," ताई म्हणाल्या. "मूळ प्रत बाहेर देत नाही."

तो हसला. मला वाटतं त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा.

काकू मुलाला भेटून आल्या. शुक्रवारी आई आली म्हणून तो गोंधळला होता. उद्या शनिवार आहे ना, आहे ना, असं चार वेळा विचारलं म्हणे.

पुढच्या बुधवारी नवी प्रत आली, या वेळी वाचायला घरी दिलेली. आम्ही तीही जुनीशी आणि मधलीशी ताडून पाहिली, आठही रकाने भरले, मग काकूंनी ऑफिसात जाऊन सही केली आणि सही झालेल्या प्रतीचे फोटो काढून आणले. सहाही पानं, सरळ, उजेडात. तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात मात्र त्यांचा स्वतःचा अंगठा आला होता. सुईनं टोचटोचून खरबरीत झालेला, एका ओळीचं टोक झाकून.

मी ताईंकडे बघितलं. असा फोटो त्या कधी चालवून घेत नाहीत.

"दुसरा काढून आणा," त्या म्हणाल्या, "तपासायला." मग चष्मा पुसत, "हा पुसू नका पण. त्यांच्या अंगठ्याच्या फोटोशेजारी ठेवा."

शनिवारी मी ताईंकडे कोणाच्यातरी भाडेकराराची पानं मोजत बसले होते. खालून आवाज यायला लागला. एक, दोन, तीन. ताईंची पट्टी थांबली. आम्ही दोघी ऐकत होतो, आणि मला दिसलं, त्या ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजतायत. एकोणीस, वीस, एकवीस.

"बावीस," तो म्हणाला. दार उघडल्याचा आवाज आला.

ताईंनी पट्टी एक ओळ खाली सरकवली. "वाच पुढे," त्या म्हणाल्या.